शंभर नग गेले, पण कुठे गेले?

प्रश्न: आमच्याकडे ऑपरेटर शिफ्टच्या शेवटी फक्त चांगले नग नोंदवतात. कॉस्ट रिपोर्ट नेहमी स्टँडर्ड कॉस्टच्या जवळ असतो, पण वर्षअखेरच्या मोजणीत कच्चा माल कमी भरतो. या दोन गोष्टींचा संबंध असेल का?

आहे, आणि अगदी थेट आहे. मी बरीच वर्षं मशिनिंगच्या कारखान्यांत कॉस्टिंग पाहतो. एका ठिकाणी असेच बार कमी भरले, तेव्हा आधी स्टोअरवाल्यावर संशय घेतला गेला. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. बार स्क्रॅपच्या पेटीत गेले होते, फक्त कागदावर ते स्टोअरमध्येच होते.

तुमची सिस्टिम बहुधा बॅकफ्लशवर चालते. म्हणजे एका नगाला किती माल लागतो ती यादी, बीओएम, घेऊन नोंदवलेल्या नगांना तिच्यातल्या प्रमाणाने गुणून ती माल वजा करते. एक शाफ्ट घ्या. नगामागे खर्चाचे आकडे सोयीचे धरतो: बार 100, टर्निंग 40, हार्डनिंग 20, ग्राइंडिंग 60, म्हणजे स्टँडर्ड 220. मशीनवर 1000 बार लावले. टर्निंगला 30 नग गेले, हार्डनिंगमध्ये 20 नगांना तडे गेले, ग्राइंडिंगला 50 नग मापाखाली गेले. चांगले उरले 900. एवढेच नोंदवले तर सिस्टिम 900 बार वजा करते, कॉस्ट 220 दाखवते आणि उरलेले 100 बार शिल्लक धरून बसते. ते मोजणीत सापडत नाहीत, मग स्टॉक तफावत म्हणून एकदम खर्ची पडतात, आणि कोणत्या जॉबमुळे पडले हे कुणालाच कळत नाही. मशीनचे तासही 900 नगांचेच धरले जातात. बाकीचे विभागाच्या न वसूल झालेल्या खर्चात जाऊन बसतात.

खरा हिशोब असा: बार 1,00,000, टर्निंग 40,000, हार्डनिंग 970 नगांचं म्हणजे 19,400, ग्राइंडिंग 950 नगांचं म्हणजे 57,000. एकूण 2,16,400. भागिले 900, म्हणजे नगामागे साधारण 240. किंमत 220 वर ठरवली असेल तर फरक मार्जिनमधून जातो. भंगाराचे पैसे यातून वजा होतात, पण तयार शाफ्टही भंगारात लोखंडाच्याच भावाने जातो.

म्हणून चुकीचा आकडा जितका वाईट, तितकीच चुकीच्या ऑपरेशनवर केलेली नोंदही. तेच 100 नग सगळे टर्निंगला गेले असते तर कॉस्ट 235.6 आली असती, सगळे ग्राइंडिंगनंतर गेले असते तर 244.4. शेवटच्या तपासणीत नाकारलेला नग तिथे ‘सापडलेला’ असतो, तिथे ‘बिघडलेला’ असेलच असं नाही. टर्निंगचा दोष ग्राइंडिंगनंतर दिसला तर 220 चा माल गेला, 140 चा नाही. नोंदीत दोन्ही हवं: नग कुठे सापडला आणि दोष कुठे झाला. कॉस्ट पहिल्यावरून काढायची, सुधारणा दुसऱ्यावर करायची.

रिवर्क याहून लपलेला असतो. समजा त्या 900 पैकी 60 नग ग्राइंडिंगला जाडसर निघाले आणि पुन्हा घासले. पूर्ण वेळ लागला तर 3,600 जादा, नगामागे 4. पण स्क्रॅप वाढलेला दिसत नाही, यील्ड 90 टक्केच दिसतं. पहिल्याच फेरीत हात न लावता पास झालेले 840, म्हणजे 84 टक्के. सुपरवायझर हे तास त्याच जॉबवर चढवतो तेव्हा ग्राइंडर ‘मंद’ ठरतो आणि कुणीतरी सायकल टाइम वाढवून टाकतं. ही चूक मग स्टँडर्डमध्ये कायमची बसते. रिवर्कला वेगळं ऑपरेशन किंवा वेगळी वर्क ऑर्डर द्या. तेच 60 नग दुसऱ्यांदा ‘चांगले’ म्हणून मोजले तर उत्पादनच फुगतं, तेही बघा.

सगळा स्क्रॅप मात्र प्रॉडक्टवर लादू नका. प्रक्रियेत नेहमी होणारं नुकसान चांगल्या नगांच्या कॉस्टमध्ये धरायचं. भट्टीचं तापमान बिघडून अख्खी बॅच गेली तर ते असामान्य नुकसान. आयएएस 2 या साठ्याच्या हिशोबाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते साठ्याच्या मूल्यात धरता येत नाही, त्याच काळाच्या खर्चात जातं. हा फरक करायला कारण नोंदलेलं लागतं. कारणांच्या यादीत ‘इतर’ सगळ्यात मोठं असेल तर यादीच चुकली आहे.

आणि टक्का धरताना एक खोच: 10 टक्के स्क्रॅप म्हणजे 900 साठी 990 बार नव्हेत, 1000. 990 लावले तर 891 च हाती येतात.

सुरुवात एका जॉबपासून करा. प्रत्येक ऑपरेशनला आत गेलेले आणि बाहेर आलेले नग मोजा. प्रत्येक ऑपरेशनला नाकारलेल्या नगांची वेगळी पेटी ठेवा, त्यात धातूची कात मिसळू देऊ नका, आणि पेटीतले नग नोंदीशी ताडून पाहा. पेटीत नग जास्त आणि नोंदीत कमी असतील, तर तुमचे हरवलेले बार तिथेच आहेत.