योगा स्टुडिओचा पर्सोना: दारात थबकणारी बाई

प्रश्न: माझा छोटा योगा स्टुडिओ आहे. सर्व्हेला ४० उत्तरं आली, पण सगळे ‘फिटनेस’ आणि ‘स्ट्रेस’ एवढंच लिहितात. यातून कस्टमर पर्सोना कसा काढू आणि जाहिरातीत काय लिहू?

उत्तर: ‘योग का करता?’ असं विचारलं की लोक शोभेल ते उत्तर देतात. कोथरूडच्या एका स्टुडिओसाठी मी मजकूर लिहायचे, तिथेही पहिल्या खेपेला हेच झालं. मग दोनच प्रश्न विचारले, पर्याय न देता: नाव घातलंत त्या आठवड्यात काय घडलं होतं? आणि त्याआधी मनात कसली धास्ती होती? एकीने लिहिलं, “सत्यनारायणाला खाली बसले, उठताना सुनेचा हात धरावा लागला.” धास्तीबद्दल, “सगळ्या बारीक मुली असतील, मीच मागे पडेन.” हेच आणखी कितीतरी जणींनी आपापल्या शब्दांत लिहिलं होतं.

नंतर आठवडाभर, सगळ्यांना सांगून, सकाळच्या बॅचला वही घेऊन कोपऱ्यात बसले. नव्या बायका दारात थबकून आत कोण आहे ते बघायच्या आणि मॅट भिंतीलगत टाकायच्या. वज्रासनात घोट्याखाली ओढणीची घडी सरकवायच्या. सर्व्हेत ‘वेळ सोयीची’ म्हणणाऱ्या काही जणी रोज शवासन सोडून निघायच्या, घरी डबे करायचे असायचे. उत्तर आणि वागणं जुळलं नाही की मी वागणं धरते.

पर्सोना अर्ध्या पानाचा झाला: पन्नाशीची, जमिनीवरून आधाराशिवाय उठायचंय, चारचौघांत अवघडायला होतं, साडेसातला निघावंच लागतं. प्रत्येक ओळीपुढे सर्व्हेचा ‘स’ किंवा निरीक्षणाचा ‘नि’ लिहिला. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता येईना, ती खोडली. ‘सेंद्रिय खाण्याची आवड’ अशीच गेली.

जुन्या पत्रकावर शीर्षासनाचा फोटो होता आणि खाली ‘शरीर, मन, आत्म्याचा समतोल’. नव्यावर लिहिलं: “मांडी घालून बसता येत नाही? खुर्चीपासून सुरुवात करू. साडेसहाला या, शवासन करून साडेसातला मोकळ्या.” फोटो खुर्ची धरून उभ्या असलेल्या बाईचा, तिला विचारून काढलेला. त्याआधी खुर्च्या आणल्या आणि शवासन पाच मिनिटं अलीकडे घेतलं, नाहीतर तो मजकूर खोटा पडला असता. ‘गुडघेदुखी बरी होईल’ असं मात्र लिहू नका, तो शब्द तुम्हाला पाळता येणार नाही.

सर्व्हे भरतात त्या टिकलेल्या बायका. ट्रायलनंतर न आलेल्यांना फोन करा. आम्हाला तिथेच कळलं की नाव घेऊन, सगळ्यांसमोर चूक सांगितलेली काहींना लागली होती. शिक्षिकेने ते थांबवलं, मगच पत्रकात तशी ओळ घातली.

हा मजकूर संध्याकाळच्या बॅचला चालवू नका. तिथे दिवसभर लॅपटॉपपुढे बसून मान आखडलेली मुलं येतात, त्यांचं अर्धं पान वेगळं. आणि नवा फोन आला की विचारा, “काय वाचून फोन केलात?” आमच्याकडे उत्तर यायचं, “ते खुर्चीचं लिहिलंय ना, ते.”