बारशाच्या फोटोतलं पोट

चि. सौ. हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री दोन वाजता आला, म्हणजे बाळाला पाजता पाजता लिहिला असणार. बारशाला पाळण्याशी उभी असताना चुलतसासूबाई म्हणाल्या, "अगं, अजून एक आत राहिलंय की काय?" आणि सगळ्या हसल्या, सासूबाईसुद्धा. आता दोन महिने झाले, तेव्हाची तू आणि आताची तू ताडून बघायला लग्नाचा अल्बम रोज दिवाणावर उघडा पडलेला असतो.

आधी पोटाचंच सांगते. बाळंतिणींचे व्यायाम घेण्यात माझी निम्मी हयात गेली, पण हा साधा हिशेब घरात फारसा कुणी सांगत नाही. गर्भाशय पूर्ववत व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. बारसं बाराव्या दिवशी. त्या दिवशी कुणाचंही पोट पुढेच असतं, मग ती कितीही बारीक असो. नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वाढतात, त्यातले पाच-सहा बाळंतपणात आणि लगेचच्या दिवसांत उतरतात. उरलेले हळूहळू जातात, त्यासाठी काही महिने धरायचे. शिवाय पोटाचे मधले स्नायू फाकलेले असतात. उताणी झोप, गुडघे वाकव, डोकं जरासं उचल आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवून बघ. दोनपेक्षा जास्त बोटांची खाच लागली, तर सिट-अप्स आणि पोटाला झटके देणारे व्यायाम आत्ता नकोत, त्यानं पोट आणखी फुगतं. फिजिओथेरपिस्टला दाखव. सिझेरियन असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करायचं नाही.

आता माणसांचं.

तुझ्याच वयाची एक मुलगी माझ्याकडे येत होती. लग्नात अठ्ठावन्न किलो, बाळंतपणाआधी एकाहत्तर, बारशाला पासष्ट. सासूबाई सकाळी तुपातले दोन डिंकाचे लाडू समोर बसून खायला लावत आणि दुपारी भात काढून घेत, 'पोट सुटलंय' म्हणून. दोन्ही तिच्या भल्यासाठीच! त्या भांडखोर नव्हत्या. त्यांच्या बाळंतपणात आईनं सव्वा महिना पोटाला लुगडं आवळलं होतं, आणि सुनेनं ते केलं नाही म्हणून हे झालं, अशी त्यांची खात्री होती.

ती पोरगी मला म्हणाली, "मी नवऱ्याला सांगितलं, तुझ्या आईला समजाव." नवऱ्यानं समजावलं, "आई, तिला वाईट वाटतं." झालं. दुसऱ्या दिवसापासून तिला 'नाजूक' हे नवीन विशेषण चिकटलं. म्हणून तू नवऱ्याच्या तोंडी नेमकं वाक्य दे. तुला वाईट वाटतं, हे त्यानं म्हणायचंच नाही. "आई, तिच्या अंगावरून घरात कुणी बोललेलं मला आवडत नाही," एवढंच. आपल्या आईशी, एकांतात, तू खोलीत नसताना. आणि अल्बम त्यानंच उचलून कपाटात ठेवायचा.

चुलतसासूबाईंना विनोदानं उत्तर देऊ नकोस. आपल्या पोटावर आपणच हसलो की पुढच्या वेळी परवानगी मिळालेली असते. "काकू, असं बोलू नका," म्हणायचं आणि बाळाचं दुपटं सारखं करायला वळायचं. अवघडलेली शांतता त्यांनी सांभाळावी, तू नाही.

त्या मुलीच्या घरी खरा फरक पडला तो बाळंतपणानंतरच्या डॉक्टरांकडच्या तपासणीत. मी तिला म्हटलं, सासूबाईंना बरोबर ने, बाहेर बाकावर बसवू नकोस, आत घेऊन जा. डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलं की अंगावर पाजणाऱ्या बाईला रोजच्यापेक्षा जास्तच खाणं लागतं, भात बंद करायचा नाही, आणि डिंकाचा एक लाडू पुरे. थायरॉइडही तपासून घेतला, कारण बाळंतपणानंतर तो बिघडू शकतो आणि वजन, थकवा, केस गळणं यांवरून घरच्यांना आळसच वाटतो. त्यानंतर सासूबाई एकदम बदलल्या, असं काही झालं नाही. पण भात ताटात परत आला, आणि 'डॉक्टर म्हणाले' हे सुनेला वापरायला मिळालं.

एक रेघ मात्र लक्षात ठेव. रूपावरून रोज अपमान, जेवण तोडणं, 'दुसरी आणू' अशा धमक्या सुरू झाल्या, तर ते टोमणे राहत नाहीत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान करणं, टिंगल करणं, नावं ठेवणं हाही छळच आहे. तारीख घालून लिहून ठेव, माहेरी एकाला तरी सांग, महिला हेल्पलाइनला 181 वर फोन करता येतो. तू लिहिलंस त्यावरून तुझं घर तिथे पोचलेलं नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, तर ते डॉक्टरांना आधी सांग, पोटाचं नंतर.

आज बाळ झोपलं की बोटांनी पोट बघ आणि किती बोटं मावली ते मला कळव. आणि तुझी ती तपासणी अजून राहिलीच असेल, तर या आठवड्याची वेळ घे, सासूबाईंना सोयीची असेल अशी.

तुझी,
मावशी