ईओडी म्हणजे नेमके किती वाजता?

प्रश्न: मी आर्वीजवळच्या गावातून न्यूयॉर्कच्या क्लायंटचं काम करतो. ‘शुक्रवारी ईओडी’ म्हणजे किती वाजेपर्यंत द्यायचं?

उत्तर: ईओडी म्हणजे ‘एंड ऑफ डे’, बहुतेक वेळा निरोप पाठवणाऱ्याचा दिवस संपेपर्यंत. पण त्याचा दिवस पाचला संपतो की रात्री बाराला, हे त्या तीन अक्षरांत कुठेच नाही, म्हणून विचारूनच घ्या. पाच धरले, तर उन्हाळ्यात तिथले शुक्रवारचे संध्याकाळचे 5 म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटेचे 2:30. तुम्ही आपल्या सहाच्या हिशोबाने धावपळ केलीत, तर तिथे तेव्हा सकाळचे 8:30च झालेले असतात. हातचे साडेआठ तास उगाच जातात. उलट तुम्ही न्यूयॉर्कच्या क्लायंटला ईओडी लिहिलं, तर तो तुमच्या झोपेच्या वेळी फाइल पाठवेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, मग तेच 5 आपल्याकडे 3:30 होतात. आपलं घड्याळ बदलत नाही, म्हणून हे सहज निसटतं.

मी उत्तरात असं लिहितो: ‘शुक्रवार, 12 जून 2026, न्यूयॉर्क वेळ संध्याकाळी 5, म्हणजे भारतात शनिवार, 13 जून, पहाटे 2:30. बरोबर ना?’ शहराचं नाव लिहाच. आयएसटी हे आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही म्हणतात.

एएसएपी, म्हणजे ‘शक्य तितक्या लवकर’, यात तर वेळच नसते. तिथे सरळ विचारा: ‘उशिरात उशिरा कधी चालेल, आणि हातातलं काम थांबवू का?’