विकलेली स्कूटर अजून माझ्याच नावावर आहे

प्रश्न : २०१९ च्या दसऱ्याला घेतलेली माझी स्कूटर मी गेल्या दिवाळीत नाशिकमधल्या एका गाड्यांच्या एजंटला २८ हजारांना विकली. त्याने फॉर्म २९ आणि ३० वर माझ्या सह्या घेतल्या, आरसी नेली आणि 'महिन्याभरात नाव बदलून देतो' म्हणाला. आता ट्रिपल सीटच्या चलनाचे दोन मेसेज मला आले. स्कूटर त्याने पुढे कुणाला तरी विकली आहे, पण नाव सांगत नाही. विम्याचं नीट आठवत नाही, घेताना पाच वर्षांचा मिळाला होता. पैसे घेतले, गाडी दिली, मग गाडी माझी कशी? उद्या काही झालं तर मी अडकेन का?

उत्तर : अडकू शकता, आणि त्यात चलन ही सगळ्यांत लहान गोष्ट आहे.

तुमच्यात आणि एजंटमध्ये पाहिलं, तर गाडी खरोखरच तुमची राहिलेली नाही. पैसे आणि ताबा यांची देवाणघेवाण झाली की जंगम वस्तूची विक्री पूर्ण होते. पण मोटार वाहन कायदा वेगळ्या बाजूने बघतो. त्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे, तोच मालक. २०१८ च्या 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. गाडी एकामागून एक अनेकांच्या हाती गेली, नोंद मात्र पहिल्याच मालकाची राहिली आणि मग अपघात झाला. न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच भरपाईसाठी जबाबदार धरलं. कारण साधं आहे : ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याने गाडी कुणी कुणाला विकली हे शोधत का फिरायचं?

म्हणून पहिलं काम विम्याचं. ते आजच करा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा झाला, म्हणून तुम्हाला तो मिळाला. २०१९ च्या दसऱ्याला घेतलेला हा विमा २०२४ च्या दसऱ्याच्या सुमाराला संपला. त्यानंतर कुणी तो भरला नसेल, तर आज त्या स्कूटरने कुणाला उडवलं तर भरपाई द्यायला कंपनीच नाही. मागणी थेट तुमच्यावर येईल. एमपरिवहन अ‍ॅपमध्ये किंवा parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाका. मालकाच्या नावाबरोबर विम्याची मुदतही दिसते.

मुदत संपलेली दिसली तर थर्ड पार्टी विमा तुम्ही स्वतः काढा. दुसऱ्याच्या ताब्यातल्या गाडीचा हप्ता आपण का भरायचा, असं वाटेल. पण ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२ मध्ये जीएसटी सोडून ७१४ रुपये ठरला होता, आणि अपघातातल्या मृत्यूची भरपाई अनेक लाखांत जाते. विमा चालू असेल तर रागाच्या भरात तो रद्द करायला जाऊ नका. कलम १५७ मुळे थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर पुढच्या माणसाकडे जातो, आणि तोच तुमचं कवच आहे. एक मर्यादा लक्षात ठेवा. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर कंपनी आधी जखमीला पैसे देऊन मग ते मालकाकडून वसूल करू शकते. तो मालक पुन्हा तुम्हीच. त्यामुळे विमा काढला म्हणजे काम संपलं, असं नाही.

आता त्या सह्यांकडे या. फॉर्म २९ म्हणजे विकणाऱ्याने आरटीओला द्यायची खबर, आणि ३० म्हणजे घेणाऱ्याचा नाव बदलण्याचा अर्ज. माझा अंदाज आहे की तुम्ही सह्या केल्या तेव्हा खरेदीदाराच्या नावाची आणि तारखेची जागा कोरी होती. असे फॉर्म एजंट मुद्दाम कोरे ठेवतात. मधल्या नोंदणीचा खर्च वाचतो, त्याचं नाव कुठेच येत नाही आणि तुमच्याकडून नोंद थेट तिसऱ्याच्या नावावर जाते. तो तिसरा टाळाटाळ करत राहिला, तर तो सगळा काळ तुमच्या डोक्यावर.

कलम ५० प्रमाणे त्याच राज्यात गाडी विकली तर ही खबर १४ दिवसांत द्यायची असते. ती मुदत गेली आहे, तरी आता द्या. उशिरा दिलेली खबर न दिलेल्यापेक्षा कधीही बरी. नवा फॉर्म २९ भरा, त्यात एजंटचं नाव-पत्ता लिहा, आणि एका साध्या अर्जात विक्रीची तारीख, रक्कम, चासी नंबर लिहून 'हस्तांतर झालेलं नाही, गाडी माझ्या ताब्यात नाही' असं स्पष्ट नोंदवा. आरटीओच्या आवक विभागात देऊन तुमच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. एक प्रत एजंटला स्पीड पोस्टने पाठवा. लेखी पावती नसेल तर यूपीआयची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, 'महिन्याभरात नाव बदलतो' हा मेसेज, सगळ्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. चलन आणि पोलिस चौकशीत यांचा मोठा उपयोग होतो. पण नुसत्या फॉर्म २९ ने आरसीवरचं नाव बदलत नाही, त्यामुळे भरपाईच्या दाव्यात त्याच्यावर फार विसंबू नका.

त्याचबरोबर एजंटला वकिलामार्फत नोटीस द्या. गाडी सध्या ज्याच्या ताब्यात आहे त्याचं नाव कळवा आणि पंधरा दिवसांत नाव बदलून घ्या, अशी. तरीही हलला नाही तर दिवाणी न्यायालयात हस्तांतर करून देण्याचा आदेश मागता येतो. नोटिशीची प्रत जोडून पोलिस ठाण्यातही अर्ज द्या आणि पोच घ्या. मात्र 'गाडी चोरीला गेली' अशी तक्रार कुणी सुचवली तरी देऊ नका. तुम्ही स्वखुशीने गाडी विकली आहे. खोटी तक्रार दिलीत तर आज फक्त मालक म्हणून अडचणीत असलेले तुम्ही उद्या आरोपी व्हाल.

दोन्ही चलनांवर वाहतूक पोलिसांकडे लेखी हरकत घ्या. गाडी कोण चालवत होतं हे मालकाला विचारायचा अधिकार कलम १३३ ने पोलिसांना दिला आहे, तेव्हा एजंटचं नाव आणि विक्रीची तारीख द्या. चलन तसंच पडू दिलंत तर नाव बदलतानाही तेच आडवं येईल. आरटीओत नोंदवलेला मोबाइल नंबर मात्र बदलू नका. त्या गाडीवर काय चाललंय हे तुम्हाला त्याच नंबरवर कळतंय, आणि हस्तांतराचा ओटीपीही तिथेच येऊ शकतो. असा ओटीपी कुणी फोनवर मागितला, तर आधी अर्जात खरेदीदार म्हणून कुणाचं नाव आहे ते पाहा.

आणि देव न करो, पण अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आली, तर 'गाडी विकली' म्हणून घरी बसू नका. तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी निकाल लागतो. वकील करून हजर व्हा, विमा कंपनी, एजंट आणि गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो माणूस यांना सामील पक्षकार करण्याचा अर्ज द्या आणि वरचे सगळे कागद तिथे हजर करा. जखमीला द्यावी लागलेली रक्कम एजंटकडून परत मागायचा तुमचा हक्क त्याच कागदांवर उभा राहील.