कपातीच्या यादीआधी आपला हिशेब

प्रश्न: आमच्या कंपनीत रिस्ट्रक्चरिंग होणार असं सगळे बोलतायत. मॅनेजरला विचारलं तर "मला काही माहीत नाही" म्हणतात. महिनाभर कामात लक्ष नाही, रात्री झोप नाही. मी नक्की काय करू?

तुमचे मॅनेजर बहुतेक खरंच बोलतायत. मी दोन कपाती पाहिल्या आहेत. पहिलीत वाचले, दुसरीत गेले. दोन्ही वेळा माझ्या थेट वरिष्ठांना नावं फार तर आदल्या दिवशी कळली होती. वरून आधी आकडा येतो, की अमुक विभागाचा खर्च इतका कमी करा. मग कोणती पदं, कोणते प्रकल्प नकोत ते ठरतं. त्या पदावर बसलेल्या माणसाचं नाव सगळ्यात शेवटी येतं. म्हणून साहेबांचा चेहरा वाचण्यात अर्थ नाही. पहिल्या वेळी मी सहा आठवडे तेच केलं. कोणती मीटिंग रद्द झाली, कोणाच्या केबिनचं दार बंद आहे, यावर डोळा ठेवून होते. हाती काही लागलं नाही, कामं मात्र तुंबली.

दुसऱ्या वेळी कुणकुण लागली ती एका एक्सेल शीटमुळे. कोण काय काम करतं आणि त्यात किती टक्के वेळ जातो, ते भरून द्यायला सांगितलं होतं. त्याच सुमारास कंत्राटी लोकांची मुदत वाढवली नाही आणि रिकाम्या जागा गोठवल्या. या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर खर्चाकडे कोणीतरी बारकाईनं बघतंय एवढं समजावं. तुमचं काय होणार, ते त्यातूनही कळत नाही.

तेव्हा मी कागद घेऊन बसले. भीती "काय होईल?" अशी असते तोवर तिला अंत नसतो. पगार थांबला तर किती महिने निघतील, या प्रश्नाला मात्र उत्तर असतं. माझं आधीचं उत्तर चुकीचं होतं, ते कसं ते सांगते. सोयीसाठी माझा महिन्याचा खर्च 100 धरा. शिल्लक 420 होती. म्हणजे चार महिन्यांच्या वर, असं मी मनाशी धरून चालले होते.

पण त्या 100 मध्ये वर्षातून एकदाच भरायचे पैसे नव्हते. विम्याचे हप्ते आणि मुलाची फी मिळून वर्षाला 96, म्हणजे महिन्याला 8. खरा खर्च 108 निघाला. त्यातलं टाळता येण्यासारखं सगळं काढल्यावर 78 उरले, त्याखाली जाणं शक्य नव्हतं. दुसरीकडे 420 मधले 150 मुदतबंद ठेवीत अडकलेले. हाताशी 270. त्याला 78 नं भागलं की जेमतेम साडेतीन महिने. कंपनी जाताना काही देईल ते मी मुद्दाम धरलं नाही.

आमच्याकडून आधी गेलेल्या तिघांना फोन करून विचारलं, पुढची नोकरी लागायला किती दिवस गेले? तीन महिने, पाच महिने आणि सात महिने. माझे साडेतीन त्यापुढे तोकडेच होते. पण आता काय करायचं ते दिसत होतं. गाडीसाठी कर्ज काढणार होतो, ते थांबवलं. दर महिन्याला 22 बाजूला टाकायला लागले. चार महिन्यांनी हाताशी 358 झाले, म्हणजे साडेचार महिन्यांची सोय. ठेव मुदतीआधी मोडली तर किती तोटा, हेही बँकेत विचारून ठेवलं. तो 6 होता. म्हणजे अगदीच वेळ आली तर सहा महिने निघणार होते. झोप लगेच सुधारली असं नाही, पण रात्री तीनला तोच हिशेब पुन्हा मांडणं थांबलं.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. आरोग्य विमा कंपनीमार्फत असेल तर तो कोणत्या तारखेला संपतो, ते आजच विचारून घ्या. घरात कोणाचे उपचार चालू असतील तर हे पैशांच्याही आधी.

दुसरं काम नोंदींचं. नोकरी गेली की लॅपटॉप बहुधा त्याच दिवशी बंद होतो. आपण तीन वर्षांत काय केलं, ते सांगायला एकही आकडा आठवत नाही. माझ्या जुन्या बायोडेटात "मासिक अहवालाचं काम पाहते" असं होतं. वाचणाऱ्याला त्यातून काय कळणार? मग मी दर शुक्रवारी वीस मिनिटं घरच्या वहीत लिहायला लागले. आधी कसं होतं, मी काय बदललं, त्यानं काय झालं, एवढंच. तीच ओळ पुढे अशी झाली: "महिनाअखेरचा अहवाल चार दिवसांऐवजी दीड दिवसात, तीन विभागांचे वेगवेगळे तक्ते एकाच नमुन्यात आणले." पुढच्या मुलाखतीत अर्धा तास याच ओळीवर बोलणं झालं.

इथे सांभाळा. नोंद आठवणीतून आणि आपल्या शब्दांत करा. ग्राहकांची नावं, दर, अंतर्गत फाइली यातलं काही नको. घाबरून फाइली स्वतःच्या मेलवर पाठवणारे लोक असतात. अशा पाठवणीची नोंद कंपनीकडे राहते आणि जाताना मिळणारे पैसे त्यावरून अडकू शकतात. तुमची स्वतःची कागदपत्रं, म्हणजे नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, मूल्यमापनाची पत्रं, ती मात्र रीतसर उतरवून ठेवा.

आता माणसांबद्दल. आपण आधी जवळच्यांना सांगतो, आणि ते बहुतेक आपल्याच खोलीत बसून तेच ऐकत असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा अभ्यास प्रसिद्ध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांची त्या माणसाशी वारंवार भेट व्हायची, ते 17 टक्क्यांहूनही कमी निघाले. बाकीच्यांना नोकरीची बातमी अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून कळली होती. माझंही तसंच झालं. आठ वर्षांपूर्वी शेजारच्या विभागात असलेल्या एका बाईंना मी मेसेज केला होता. नोकरी मागितली नव्हती, त्यांच्याकडे हे काम आता कसं करतात एवढंच विचारलं होतं. मी आठवड्याला असे दोन मेसेज करायचे. निम्म्यांनी उत्तरच दिलं नाही. त्या बाईंनी दिलं, आणि पाच महिन्यांनी जागा निघाली तेव्हा त्यांना मी आठवले.

शेवटी तो दिवस आलाच. सकाळी दहाला बोलावणं, बारा वाजेपर्यंत लॅपटॉप बंद. पुढ्यात चार पानांचा कागद ठेवला आणि एचआरच्या मुलीनं पेन पुढे केलं. ती माझ्याहून जास्त घाबरलेली होती. मी म्हटलं, "वाचून देते, मुदत कधीपर्यंत आहे?" आठवडा होता. तसं त्या कागदावरच लिहिलं होतं, फक्त तोंडानं कोणी सांगत नव्हतं. घरी येऊन जुन्या पावतीशी ताळा केला, तर माझी शिल्लक रजा 11 दिवसांनी कमी धरली होती. मेल केला. तिसऱ्या दिवशी दुरुस्त कागद आला, मग सही केली.