१० डीबीचा टी-पॅड आणि राहून गेलेला लोड

प्रश्न: ६०० ओहमसाठी १० डीबीचा टी-टाईप अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल कमी करणारा पॅड, डिझाईन केला. रेझिस्टर सूत्राप्रमाणेच लावलेत, तरी सीआरओवर ५ डीबीसुद्धा कमी होत नाही. कुठं चुकतंय?

उत्तर: आउटपुटला ६०० ओहमचा लोड लावायचा राहिलाय. पैज लावून सांगतो. विश्रामबागला माझं साउंड दुरुस्तीचं दुकान आहे. डिप्लोमाची पोरं ब्रेडबोर्ड घेऊन येतात, तेव्हा पॅडच्या पुढच्या टोकाला नुसता सीआरओचा प्रोब लटकत असतो. सीआरओचा स्वतःचा रोध १ मेगओहम, म्हणजे पॅडच्या दृष्टीनं तिथं काहीच जोडलेलं नाही.

आधी आकडे बघू.

```
K  = 10^(dB/20)
R1 = Z0 (K-1)/(K+1)
R2 = 2 Z0 K/(K^2-1)
```

`Z0` म्हणजे आपले ६०० ओहम, `K` म्हणजे व्होल्टेज किती पट कमी करायचं ते, `R1` म्हणजे आडवे दोन, `R2` म्हणजे मधला उभा. १० डीबीला `K` येतो ३.१६२. मग आडवे प्रत्येकी ३११.७ ओहम आणि उभा ४२१.६ ओहम. भागायला २०च घ्या, १० नको. मी डिप्लोमाला असताना १० नं भागलं होतं आणि प्रॅक्टिकलला २० डीबीचा पॅड नेऊन ठेवला होता.

आता लोडकडून उलटं मागं या. ६०० चा लोड आणि त्याच्या आधीचा आडवा मिळून ९११.७. त्याला ४२१.६ समांतर, म्हणजे २८८.३. त्यात पहिला आडवा मिळवला की पुन्हा बरोबर ६००. मॅचिंग म्हणतात ते हेच: आधीच्या उपकरणाला मध्ये पॅड आहे हे कळतच नाही. व्होल्टेज मात्र दोन ठिकाणी पडतं. मधल्या जोडावर ते ०.४८ पट राहतं, दुसऱ्या आडव्यात पुन्हा ०.६६ पट होतं. गुणाकार ०.३१६, म्हणजे १० डीबी.

लोड नसेल तर दुसऱ्या आडव्यातून करंटच जात नाही, त्यामुळं तिथली घट गायब. उरतं ते ४२१.६ भागिले ७३३.३, म्हणजे ०.५७५ पट. याचे डीबी होतात ४.८. तुमचं रीडिंग हेच असणार. पॅडच्या इनपुटला ४ व्होल्ट पीक-टू-पीक असतील तर लोडशिवाय २.३ दिसतील, लोड लावला की १.२६. इनपुटचा आकडा जनरेटरच्या डिस्प्लेवरून घेऊ नका, प्रोब पॅडच्या तोंडाशीच लावा. बहुतेक जनरेटर आतून ५० ओहमचे असतात आणि त्यांचा डिस्प्ले ५० ओहमचा लोड धरून आकडा दाखवतो.

सीआरओ नसला तरी मल्टीमीटरवर पॅड तपासता येतो. आउटपुटला ५६० आणि ३९ ओहम सिरीजमध्ये लावा (झाला ५९९ चा लोड) आणि इनपुटला रोध मोजा. ६०० च्या आसपास आला पाहिजे. ७३३ आला तर लोडची वायर सुटलीय. मग पॅड उलटा फिरवूनही मोजा, तितकाच आला पाहिजे.

३११.७ चा रेझिस्टर कुठल्याच दुकानात मागू नका, ३३० पुढे करतील. तोच घ्या आणि त्याला ५.६ किलोओहम समांतर लावा, ३११.६ मिळतो. उभ्यासाठी ३९० आणि ३३ सिरीजमध्ये, ४२३. हे धरून हिशेब केला तर इनपुट ६००.६ ओहम आणि घट ९.९९ डीबी येते. एवढी कटकट नको म्हणून नुसते ३३० आणि ३९० लावले, तर इनपुट ६०५ ओहम येतो आणि पोरं खूश होतात. पण घट १०.७ डीबी झालेली असते. मॅचिंग जमलं म्हणजे डीबीही जमले असं नाही, दोन्ही वेगवेगळे तपासायचे. सोनेरी पट्टीचे ५ टक्केवाले कार्बन फिल्म घेतलेत तर हे बारीक जोडकाम फुकट, एक टक्क्याचे मेटल फिल्मच आणा.

लाइन लेव्हलला पाव वॅटचे रेझिस्टर बिनधास्त चालतात. पण एका साउंडवाल्यानं हॉर्नचा आवाज कमी करायला तसल्याच रेझिस्टरचा ८ ओहमचा पॅड करून आणला होता, काळा ठिक्कर पडलेला. १० डीबीच्या पॅडमधून दहावा हिस्साच पुढं जातो, बाकी सगळी उष्णता, आणि त्यातला मोठा वाटा पहिला आडवा खातो. १० वॅट आत गेले तर त्या एकट्याला ५.२ वॅट झेलावे लागतात. तिथं किमान १० वॅटचा, पांढरा सिरॅमिकचा लागतो.