आधीच्या त्रासाची नोंद कशी करावी?

प्रश्न: वर्गातला एक मुलगा माझ्या सहावीतल्या मुलाला महिनाभर छळत होता. शेवटी यानं त्याला मारलं, तर शिक्षा फक्त यालाच. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात राहतो. आधीचा त्रास शाळेला कसा दाखवू?

उत्तर: अर्जाची सुरुवात तुमच्या मुलाच्या फटक्यापासूनच करा: ‘गुरुवारी मधल्या सुट्टीत त्याने मारलं, हे मान्य आहे.’ ते टाळलंत तर पुढचं सगळं सबब वाटेल.

मग मागच्या घटना. प्रत्येकीत कधी, कुठे, कोण हजर होतं आणि तुम्हाला कसं कळलं, एवढंच. उदाहरणार्थ, ‘डबा सांडला’ हे मुलानं सांगितलं. फाटकी बाही तुम्ही पाहिली. ‘मुद्दाम’ हा अंदाज, तो नको. तारीख आठवत नसेल तर ‘गणपतीच्या सुट्टीनंतरचा आठवडा’ लिहा आणि नोंद आज आठवून केली आहे हेही लिहा. ठोकून दिलेली तारीख हजेरीपटासमोर टिकत नाही.

मुलाला ‘त्यानं ढकललं ना?’ असं विचारू नका. ‘मग काय झालं?’ विचारा. इतर पोरांचे जबाब स्वतः घेऊ नका, गावात त्याचंच भांडण होतं. नावं द्या, शाळा विचारेल.

शिक्षा माफ करा असं न म्हणता दोन्ही बाजूंची चौकशी मागा. अर्ज मुख्याध्यापकांना देऊन दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. प्रकरण बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी कार्यालयात गेलं तर कन्नड प्रत जोडलेली बरी. शिक्षा म्हणून छडी मारली असेल तर ती वेगळी तक्रार: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७.